अंथरूण झटकलं की

द्रौपदीच्या तोंडात डाव्या बाजूला वर-खाली एकही दाढ उरली नव्हती. भाकरी ती कालवणात बुडवून मऊ करायची, घास उजवीकडे सरकवायची आणि हळूहळू चघळत बसायची. हसताना पदर आपोआप तोंडाशी जायचा. लोकांना वाटायचं बाई लाजरी आहे. वय तिशीच्या जरा पुढे, पण गाल आत गेल्यामुळे चाळिशीची दिसायची.

तिचं माहेर अंजूरचं, खाडीकाठचं. लग्न होऊन भिवंडीत आली तेव्हा दात धड होते. मग कांडी मशीनवर कामाला लागली. लूमच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती भरायचं काम. सकाळी आठ ते रात्री आठ, उभ्यानेच. शेजारच्या मशीनवरच्या रंगूबाईने पहिल्याच महिन्यात मशेरीची डबी पुढे केली. "लाव गं, झोप जाते. दातपन साफ र्‍हातात." झोप जायची हे खरं. दातांचं मात्र उलटंच झालं. एकेक हलायला लागला, दुखायला लागला आणि पडला. प्रत्येक वेळी द्रौपदी म्हणायची, बाईच्या जातीचे दात असेच जायचे. आईचे गेले, आजीचे गेले.

ही गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. नवरा केसरीनाथ दुसऱ्या एका कारखान्यात लूम चालवायचा, बहुतेक करून रात्रपाळीला. ती कामावरून यायची तेव्हा तो जायला निघालेला असायचा. गल्लीच्या तोंडाशी दोघांची गाठ पडायची. "जेवलाव?" "जेवलो." "पोरगी?" "भाभीकडं हाय." एवढाच संसार. खरा संसार शुक्रवारी, कारण शुक्रवारी कारखाने बंद.

भाभी म्हणजे साजिदा. जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातली, चाळीची मालकीण. स्वतःच्या घराला लागून चार खोल्या भाड्याने दिलेल्या, त्यातली एक द्रौपदीची. शाळा सुटल्यावर द्रौपदीची यमू साजिदाच्याच ओट्यावर खेळायची, तिथेच अभ्यास करायची, कधी तिथेच जेवायची.

यमू दुसरीत होती. एकुलती, हट्टी, गोडखाऊ. गालावर हात धरून रडत बसण्याचे तिचे दिवस सुरू झाले तेव्हा द्रौपदीने आधी लवंग दाबली, मग तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या. गाल सुजून डोळ्याला लागला तेव्हा साजिदाच म्हणाली, "अगो, आता घरची दवा बस कर. खैराती दवाखान्यात दातांची डॉक्टरीण बसते, तिथं ने हिला."

द्रौपदीने एक दिवसाची सुट्टी टाकली आणि पोरीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला गोड, पण डोळ्यांत झोप नसल्यासारखी. बाहेर रांग लागली होती. तिने यमूची किडलेली दाढ काढली. यमूने दवाखाना डोक्यावर घेतला. मग रडं थांबल्यावर बाईने दांडीला लावलेला छोटासा आरसा यमूच्या तोंडात धरला आणि द्रौपदीला जवळ बोलावलं.

"आत्ता काढली ती दुधाची होती. तिच्या जागी दुसरी येईल. आता ही बघा, सगळ्यात मागची. ही कुठली वाटते?"

"ही पन दुधाचीच की. सात वर्सांची तर हाय पोर."

"नाही. ही सहाव्या वर्षी येते, कुठलाही दात न पाडता मागे गुपचूप येते, म्हणून आईबापांना कळतच नाही. ही कायमची. अशा चार आहेत. ह्या गेल्या तर परत येत नाहीत."

द्रौपदी वाकून बघत राहिली. दाढेच्या खाचेत पेन्सिलीची रेघ ओढल्यासारखा डाग होता.

"डाग आहे, अजून खड्डा नाही," बाई म्हणाली. "काळजी घेतली तर तिथेच थांबेलही. सकाळी काय लावता?"

"मंजन. बोटानं."

"आणि रात्री?"

रात्री काय लावायचं असतं हेच द्रौपदीला ठाऊक नव्हतं. रात्री माणसं जेवतात आणि झोपतात.

बाईने समजावून सांगितलं. दिवसभर लाळ तोंड धूत असते. झोपेत ती कमी सुटते, मग अडकलेलं अन्न आणि गोड रात्रभर दाताला खात बसतं. म्हणून रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. मऊ ब्रश, पेस्ट वाटाण्याएवढी, त्याहून जास्त नको. आणि घासायचं आईने, पोरीच्या हाताला मागची दाढ सापडणार नाही. "तीन महिन्यांनी आणा," बाई म्हणाली. "तोपर्यंत हा डाग कसा राहतो ते तुमच्या हातात आहे."

तुमच्या हातात. वाटेने द्रौपदी आपल्या हातांकडे बघत होती. सूत फिरून फिरून बोटांना चिरा पडलेल्या. जीभ आपोआप डावीकडच्या रिकाम्या हिरडीवर गेली. आपलं झालं ते झालं. पोरीने भाकरी बुडवून खायची नाही, एवढं तिने मनाशी धरलं.

धरणं सोपं होतं. रात्री कामावरून यायचं, पाय धुवायचे, चूल म्हणजे स्टो पेटवायचा, जेवायचं, भांडी घासायची. तोवर यमू जमिनीवर कुठेतरी लवंडलेली असायची. तिला झोपेतून उठवून मोरीपाशी बसवायचं आणि तोंड उघड म्हणायचं. यमू दात आवळून धरायची.

"झोंबते ती पेस्ट."

"जरासी तर हाय. उघड."

"न्हाय."

"यमे, मी दिसभर उभी हाय. माझे पाय बघ. उघड म्हनते ना."

"सकाळी घासीन."

मग एक धपाटा, मग रडं, मग रडणाऱ्या तोंडात ब्रश. हिरडीला लागायचं, रक्त यायचं, मग दुसऱ्या दिवशी यमू ब्रश दिसला तरी पळायची. काही रात्री द्रौपदीच हरायची. मरू दे म्हणून दिवा मालवायची आणि अंधारात तिला तो डाग दिसत राहायचा.

शुक्रवारी केसरीनाथ घरी असायचा. तो म्हणाला, "कशाला पोरीला रडवतेस? आमच्या गावात कोन रातचा दात घासतो? आमचे दात न्हाय ऱ्हायले?"

"आ करा बघू," द्रौपदी म्हणाली.

तो हसला, पण आ केला नाही.

द्रौपदीचा देवीवर भाव होता. बोलून दाखवायची नाही, पण कुठलीही गोष्ट अडली की वज्रेश्वरीला जाऊन पायरीला डोकं टेकवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्याच महिन्यातल्या एका शुक्रवारी ती यमूला घेऊन एसटीने गेली. पायऱ्या चढताना मांड्या भरून आल्या. देवीपुढे उभं राहून तिने दुसरं काही मागितलं नाही. पोरीची दाढ राहू दे, एवढंच मागितलं. एवढं बारीक मागणं देवीला कुणी मागत असेल का, असंही तिच्या मनात आलं. खाली उतरून तिने खडीसाखरेचा प्रसाद घेतला, चांगली मोठी पुडी.

येताना बसमध्ये यमू पुडीकडे बघत होती. आणि द्रौपदीला सुचलं.

त्या रात्रीपासून तिने नेम लावला. जेवण झालं की देवीच्या तसबिरीपुढे निरांजन लावायचं. खरं तर दिवेलागण संध्याकाळची, पण ती घरी यायची तेव्हा संध्याकाळ कधीच निघून गेलेली असायची, म्हणून तिचा दिवा जेवणानंतरचा. दिव्यानंतर ब्रश. आणि ब्रश झाला की यमूच्या हातावर खडीसाखरेचा एक खडा, देवीचा प्रसाद. "तोंड साफ करून प्रसाद घ्यायचा," ती म्हणाली. "खरकट्या तोंडानं देवीचा प्रसाद घेत्यात का?"

यमूला हे पटलं. खडा तर पटलाच. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून तोंड उघडलं. रडं गेलं, धपाटा गेला. द्रौपदी भिंतीला टेकून बसायची, यमूचं डोकं मांडीवर घ्यायची, म्हणजे दिव्याच्या उजेडात मागपर्यंत दिसायचं, आणि मनातल्या मनात देवीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत घासायची. आरती संपली की घासणं संपलं. यमू चूळ भरायची आणि हात पुढे करायची. खडा गालात ठेवून झोपायची. तो हळूहळू विरघळत असताना तिचे डोळे मिटायचे, आणि द्रौपदीला बघून बरं वाटायचं. रंगूबाईला ती कामावर सांगायची, देवीने ऐकलं गं.

तीन महिन्यांनी ती दवाखान्यात गेली तेव्हा तिला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

डॉक्टरीणबाईने आरसा घातला, मग एक बारीक टोकाची सळई दाढेवर फिरवली. ती कुठेतरी अडकली. बाईने ती काढून पुसली, पुन्हा फिरवली.

"खड्डा पडलाय," ती म्हणाली. "लहान आहे, भरता येईल. पण पडलाय. रात्री घासत नाही का?"

"घासते." द्रौपदीचा आवाज चढला. "रोज घासते. शुक्रवारची एखादी चुकली आसंल. माझ्या मांडीवर घेऊन घासते. विचारा पोरीला."

"घासते आय," यमू म्हणाली.

"घासल्यावर काही खायला देता? दूध, बिस्कीट?"

"काय न्हाय. पानी फकस्त."

"प्रसाद," यमू म्हणाली.

"कसला प्रसाद?"

"खडीसाखर. देवीची. गालात ठेवायची."

बाईने सळई खाली ठेवली. ती हसली नाही, रागावलीही नाही. थोडा वेळ तिने कपाळ चोळलं. मग म्हणाली, "ताई, देव माझ्याही घरी आहेत. पण दाढेला प्रसाद कळत नाही, तिला साखर कळते. घासलेल्या तोंडात साखर ठेवून पोरगी झोपली, म्हणजे रात्रभर दाढ साखरेतच राहिली. घासल्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. काहीच नाही."

द्रौपदी स्टुलावर बसून होती. बाईने दाढ कोरून तिच्यात चांदी भरली, यमू खुर्चीचे हात धरून गप्प बसली. भरून झाल्यावर बाई म्हणाली, "ही वाचली समजा. बाकीच्या तीन अजून धड आहेत. आणि तुम्ही एक गोष्ट चांगली केलीत. तोंड उघडायची सवय लावलीत. आता फक्त साखर काढा, सवय ठेवा."

हे सांगायला सोपं होतं. त्या दिवशी वाटेने द्रौपदी पुन्हा आपल्या हातांकडे बघत होती. ज्या हाताने देवीचा खडा दिला त्याच हाताने पोरीची दाढ किडवली. आणि आता प्रसाद बंद करायचा, म्हणजे देवीला काय सांगायचं. रात्री निरांजन लावल्यावर ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. शेवटी तिला वाटलं, देवी काही दाढा खाणारी नाही. चूक वेळेची झाली, प्रसादाची नाही. तिने प्रसाद जेवणाच्या ताटातच, पहिल्या घासाला द्यायचं ठरवलं. जेवण गोड झालं, मग दिवा, मग ब्रश, मग फक्त पाणी.

यमूने ब्रश झाल्यावर हात पुढे केला.

"आता न्हाय. जेवताना घेतलास ना."

"मंग मी घासायची न्हाय."

आणि दुसऱ्या रात्री तिने दात आवळले. अगदी पहिल्यासारखे. द्रौपदीला वाटलं सगळं पहिल्यापासून करायचं, तेही आता अंगात तेवढी ताकद नसताना. ती ओट्यावर येऊन बसली. साजिदा रात्रीची, इशाची नमाज उरकून बाहेर आली होती, पानदान उघडून सुपारी कातरत होती.

"काय गो, आज आवाज नाय पोरीचा?"

"तोंडच उघडीत न्हाय तर आवाज कुठनं येल." द्रौपदीने सगळं सांगितलं. खड्ड्याचं, प्रसादाचं, सगळं.

साजिदाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यात पोरं रोजा धरायला शिकतात ते ठाऊक हाय ना तुला? एकदम पुरा रोजा कोन धरवतो? आधी दुपारपर्यंत. चिडीचा रोजा म्हनतात. चिमणीएवढा. तेवढ्यावर पोराचं सगळं घर कौतुक करतं. मग पुढच्या साली जास्त. माझ्या मोहिउद्दीनला तर मी गळ्यात हार घातला होता. खायला काय देणार, रोजा धरलेल्याला?" ती स्वतःच हसली. "हारावर खूश होता तो. दिवसभर उतरवलाच नाय."

"हिला काय हार घालू रोज?"

"हिला काय हवंय ते तू बघितलंस का? माझ्या ओट्यावर असते ना दिवसभर, मला ठाऊक हाय. शेजारची पोरगी दोरीवर उड्या मारते, ही बाजूला उभी ऱ्हाते. दोरी कोन देत नाय तिला."

द्रौपदीने विचार केला, दुकानात दोरी मिळते, एकदा आणून दिली की संपलं. पण तिच्या मनात सूत फिरायला लागलं होतं.

त्या वेळी तिच्या कारखान्यात लुंगीचं रंगीत कापड निघत होतं. लाल, हिरवं, निळं, मधूनच पांढरं सूत. कांडी भरून झाली की शेवटचे तुकडे राहतात, गुंतलेलं सूत फेकलं जातं. फेकलं म्हणजे तेही विकलं जातं, म्हणून उचलून न्यायचं तर विचारावं लागतं. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी ती कारखान्याच्या मालकापुढे, नूर मोहम्मद शेठपुढे उभी राहिली.

"शेठ, वेस्टेजमधलं जरासं सूत नेऊ का? रोज मुठभर."

"काहे को?"

"पोरीचे दात घासायला."

शेठने चष्म्यावरून बघितलं. "सूत से?"

"न्हाय, ब्रश से. सूत बक्षीस हाय."

शेठला काही कळलं नाही. "ले जाओ," तो म्हणाला. "दांत सलामत रहें."

रात्री तिने पदराची गाठ सोडली. आत तीन रंगांचं सूत. "आज फकस्त मागच्या दाढा," ती यमूला म्हणाली. "चारच. बाकीचे दात तू घास, तुझ्या हातानं, कसेपन. आनि मंग यातला तुला पाहिजे तो रंग घे."

"आनि काय करू त्याचं?"

"त्या खिळ्याला बांध. रोजचा एक पदर. पुरेसे झाले की मी पीळ घालून दोरी करीन. उड्या मारायची. लांब."

यमू सुताकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "किती लांब?"

"तू म्हनशील तेवढी."

यमूने तोंड उघडलं. फार नाही, पण ब्रश जाण्याएवढं. चार दाढा झाल्या. द्रौपदीने हात थांबवला आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "झालं. किती लवकर झालं बघ." यमूने लाल सूत उचललं. खिळ्याला बांधताना जीभ बाहेर काढून गाठ मारली. पुढे काही दिवसांनी चारांच्या जागी सगळ्या दाढा व्हायला लागल्या, मग पुढचे दातही, आणि आरती पुन्हा पूर्ण व्हायला लागली. शाळेत जाण्याआधी यमू खिळ्याखाली उभी राहून सुतावरून हात फिरवायची.

पण शुक्रवार येत होते. शुक्रवारी द्रौपदी घरी, म्हणून तिचा दिवा वेळेवर, तिन्हीसांजेला. दिव्यानंतर ब्रश हा नेम, म्हणून ब्रशही तिन्हीसांजेला. आणि जेवण मात्र त्यानंतर, केसरीनाथ मासे घेऊन यायचा, पाव्हणा यायचा, पोरगी खाऊन तशीच झोपायची. प्रसादाच्या काळातही शुक्रवार असेच चुकले होते, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता लक्षात आलं, कारण सूत मागायला यमू यायची.

"आज घासलेत मी. सांजंला."

"ते जेवनाआधी. त्याचं काय व्हनार?"

"पन दिवा लावला तवाच घासले. तूच म्हनतेस दिव्यानंतर."

पोरीचं खरं होतं. द्रौपदीने नेम दिव्याला बांधला होता, आणि दिवा रोज एका वेळी नव्हता. भांडी घासताना ती विचार करत राहिली. रोज, कुठल्याही वारी, पाळी असो नसो, पाहुणा असो नसो, सगळ्यात शेवटी या घरात काय होतं? अंथरूण. कोपऱ्यातली वळकटी सोडायची, चादर दारात नेऊन झटकायची, अंथरायची. त्यानंतर कोणी काही खात नाही. अंथरुणावर खरकटं तिच्या सासरी कधीच चाललं नव्हतं.

"आजपासून दिव्याचं सोडून दे," ती म्हणाली. "मी अंथरूण झटकलं की ब्रश. चादरीचा आवाज आला की तू मोरीपाशी."

आणि ब्रश, पेस्ट आणि पाण्याचा तांब्या तिने मोरीच्या कट्ट्यावर अशा जागी मांडून ठेवले की शोधायला उठावं लागू नये. दमलेल्या माणसाला एक पाऊल जास्त पडलं तरी ते न टाकण्याची सबब मिळते, हे तिला स्वतःवरूनच ठाऊक होतं. अंथरूणही ती जरा लवकर घालायला लागली, भांडी घासायच्या आधी, यमूचे डोळे जडावण्यापूर्वी.

एकदा यमूने मुद्दाम टाळलं. शाळेत कुणीतरी चिडवलं होतं, रुसून बसली होती. त्या रात्री सूत मिळालं नाही. केसरीनाथ घरीच होता. तो म्हणाला, "तोड ना दोन पदर खिळ्यावरचे, कळंल तिला."

"न्हाय," द्रौपदी म्हणाली. "ते तिनं कमावलेले हायत. आजचा न्हाय मिळाला, तेवढं बस."

यमू अंथरुणात तोंड खुपसून ऐकत होती. दुसऱ्या रात्री चादर झटकली तेव्हा ती आधीच मोरीपाशी होती.

केसरीनाथनेच मग दोरी वळली. गावाकडे त्याने लहानपणी सुंभ वळलेला होता. सगळे पदर एकत्र घेऊन, एक टोक खिडकीच्या गजाला बांधून, पीळ घालत बसला. लाल, निळी, हिरवी, मधे मधे पांढरी. टोकांना साजिदाने चिंध्या गुंडाळून मुठी करून दिल्या. गल्लीत कुणाचीच दोरी अशी नव्हती. यमू उड्या मारायला लागली आणि शेजारची पोरगी बाजूला उभी राहून बघायला लागली.

द्रौपदी मात्र त्या दिवशी मनातून धास्तावली होती. दोरी झाली. आता कशासाठी तोंड उघडेल? तिने पुढचं काही ठरवलं नव्हतं. दुसरं काही ठरवायला तिच्याकडे डोकं शिल्लक नव्हतं. रात्री चादर झटकली. यमू उठली, मोरीपाशी गेली आणि बसली. सूत मागितलं नाही. द्रौपदीनेही काढलं नाही. झाल्यावर तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच. पुढे आठवड्याला एखादा रंगीत धागा वेणीला बांधायला द्यायची. मग तोही राहून जायला लागला, आणि यमूच्याही लक्षात राहिलं नाही.

पावसाळा संपल्यावर ती पुन्हा दवाखान्यात गेली. या वेळी कसलीही आशा धरायची नाही असं ठरवून गेली. बाईने आरसा घातला, सळई फिरवली. एक, दोन, तीन. कुठे अडकली नाही. चांदीवरही बोट फिरवून बघितलं.

"तिन्ही धड आहेत," ती म्हणाली. "भरलेलीही चांगली आहे. आता किती वर्षांची?"

"आठवं सरलं."

"हात अजून वर्षभर तरी तुमचाच ठेवा. मग ती स्वतः घासेल, पण तुम्ही शेजारी बसून बघायचं. दहा-अकरापर्यंत नजर काढू नका. बाराव्या वर्षी मागे अजून चार येतील."

"अजून चार?" द्रौपदी म्हणाली, आणि तिला जरा हसूच आलं. पदर तोंडाशी गेला.

बाईचं लक्ष गेलं. "तुमचं दाखवा एकदा."

"माझं काय बघायचं र्‍हायलंय," द्रौपदी म्हणाली. पण तिने तोंड उघडलं. बाईने मशेरीबद्दल विचारलं, ती नुसता तंबाखू आहे, त्याने दात साफ होत नाहीत, हिरडी खाल्ली जाते, तोंडात याहून वाईटही होतं, हे सांगितलं. द्रौपदीने मान हलवली. मशेरी काही त्या दिवशी सुटली नाही. रात्रीची तेवढी सुटली, कारण अंथरूण झटकल्यावर काही लावायचं नाही असं यमूनेच तिला बजावलं होतं. सकाळची चालूच राहिली, आणि कामावरची दुपारची. डबीकडे बघून ती कधी देवीला म्हणायची, हेही सोडव गं आई. सुटेल तेव्हा सुटेल.

त्या हिवाळ्यात एकदा तिला ताप भरला. तरीही कामावर गेली, कारण एक मशीन बंद राहिलं तर चार लूम खोळंबतात. आली ती भिंत धरून. स्वयंपाक साजिदाने पाठवला. जेवण तिला गेलं नाही. यमू जेवली. हाताच्या सवयीने द्रौपदीने वळकटी सोडली, चादर दारात नेऊन झटकली, अंथरली आणि तशीच आडवी झाली. डोळे मिटले. अंग ठणकत होतं, पण पाठ टेकल्याचं सुख होतं.

कुणीतरी खांदा हलवत होतं.

"आय. उठ."

"काय गं?"

"चादर झटकलीस ना तू."

द्रौपदीने डोळे उघडले. यमू तांब्या घेऊन उभी होती, दुसऱ्या हातात दोन ब्रश. एक तिचा स्वतःचा, एक द्रौपदीचा, जो दवाखान्यातून आल्यावर आणला होता.

"आज र्‍हाऊ दे, यमे," द्रौपदी म्हणाली. "आंगात ताप हाय माझ्या. एक दिस काय व्हत न्हाय."

"मला मागचं गावत न्हाय," यमू म्हणाली. "तूच म्हनतेस गावत न्हाय."

द्रौपदी छताकडे बघत पडून राहिली. बाराव्या वर्षी अजून चार. तोवर अंथरूण किती वेळा झटकायचं याचा हिशेब तिने केला नाही. हाताला जोर देऊन ती उठली, भिंतीला टेकली आणि मांडी थोपटली. यमू डोकं ठेवून आडवी झाली आणि न सांगता तोंड उघडलं.

ब्रश मागच्या दाढेपर्यंत गेला. चांदीची दाढ, मग पलीकडची, मग वरच्या दोन. तापाने आरती मध्येच विसरायला होत होती, म्हणून तिने ती पुन्हा पहिल्यापासून धरली.